थिसिस छापताना स्वरलिपीच्या कॉपीराइटचं काय केलं : माझा अनुभव

कोल्हापुरात पीएचडी झाली, थिसिसचं पुस्तक करायचं ठरलं आणि प्रकाशकानं विचारलं, स्वरलिपीच्या उताऱ्यांची परवानगी कुठाय? आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. पण ही ६० ची मुदत १९९१ अखेर आली, त्याआधी ती ५० वर्षं होती. भातखंडे १९३६ ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लिखाण १ जानेवारी १९८७ पासूनच मोकळं. पण मी जी पानं स्कॅन केली होती ती नंतरच्या हिंदी अनुवादाची, आणि अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात, शिवाय संपादकानं घातलेल्या टिपा त्याच्याच. मग जुनी मराठी आवृत्ती मिळवली, त्यावरून स्वरलिपी राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्याकडून नव्यानं टाइप करून घेतली (कोमल-तीव्रच्या खुणा तीनदा चुकवल्या त्यानं, ते सोडा) आणि खाली मूळ भाग, पान, साल लिहिलं.

कुमार गंधर्वांच्या बंदिशीचा प्रश्न वेगळा, ते १९९२ ला गेले म्हणजे २०५२ संपेपर्यंत हक्क आहेच. संशोधनासाठीची सूट खाजगी वापरापुरती, छापील पुस्तकाला ती धरून चालत नाही, तिथं कलम ५२ मधली समीक्षेची सूट लागते. किती आवर्तनं चालतील असा आकडा कायद्यात कुठंच नाही. म्हणून अख्खी बंदिश काढली, ज्या मुखड्यावर मी खरंच लिहिलंय तेवढाच ठेवला आणि विश्लेषण लगेच त्याच्याखाली आणलं. परिशिष्टातल्या पूर्ण बंदिशींवर मात्र काही लिहिलेलंच नव्हतं, त्यांना ही सूट कशी लागणार? त्या काढूनच टाकल्या.