योगवर्गाचे १० वेळांचे पास : हिशेब कसा जुळवला

आमच्या योगवर्गात १० वेळांचा, दोन महिने चालणारा पास असतो. 'उरलेले वर्ग' हा आकडा दरवेळी हाताने एकने कमी करायचो. आकडा चुकला की कोणत्या दिवशी चुकला, ते शोधायला काही मागच उरत नसे.

आता गुगल शीटमध्ये उरलेले वर्ग लिहीतच नाही. 'हजेरी' पानावर प्रत्येक वर्गाची एक ओळ: तारीख आणि पास क्रमांक. नाव नव्हे, कारण एकाच व्यक्तीचे दोन पास असू शकतात. 'पास' पानावर A क्रमांक, C सुरुवात, D एकूण वर्ग, E वाढवलेले दिवस. शेवटची तारीख आणि शिल्लक सूत्रानेच निघतात:

```
=EDATE(C2,2)-1+E2
=D2-COUNTIF('हजेरी'!B:B,A2)
```

५ जानेवारीचा पास ४ मार्चला संपतो. गणपतीत वर्ग पाच दिवस बंद राहिला, तर त्या वेळी चालू असलेल्या पासांच्या E मध्ये ५.

खरी डोकेदुखी जुना पास संपण्याआधी नवा घेणाऱ्यांची. एका ताईंचे दोन वर्ग शिल्लक होते, तरी २७ फेब्रुवारीला त्यांनी पैसे भरले. नव्याची C मी रिकामी ठेवली. २ मार्चची हजेरी जुन्यावर गेली, उरलेला एक वर्ग ४ मार्चला बाद झाला. ६ मार्चला त्या आल्या, तेव्हा नव्याची C भरली. तो ५ मेपर्यंत.

शिल्लक उणे दिसली, तर हजेरीत पास क्रमांक चुकलाय. मुदतीनंतरची हजेरी मात्र या सूत्रांना कळत नाही. ती तारीख मी दारातच बघतो.