‘कुठाय वडा?’ : इंग्रजी जाहिरातीतला विनोद मराठीत कसा आणावा

१९८४च्या जानेवारीत अमेरिकेत वेंडीज या बर्गरच्या साखळीची अर्ध्या मिनिटाची जाहिरात टीव्हीवर आली. तीन म्हाताऱ्या बायका एका दुकानाच्या काउंटरपाशी उभ्या आहेत. समोर भलामोठा बर्गर. दोघी पावाचं कौतुक करताहेत: केवढा मोठा, किती फुगलेला. मग वरचा पाव उचलला जातो, आत एवढीशी मांसाची चकती. आणि तिसरी, क्लारा पेलर, खेकसते : ‘व्हेअर्ज द बीफ?’ हे वाक्य इतकं पसरलं, की त्याच वर्षी मार्चमध्ये वॉल्टर मोंडेल यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या वादसभेत गॅरी हार्ट यांच्या ‘नव्या कल्पनां’वर तेच फेकलं. तुमच्या बोलण्यात ऐवज कुठे आहे, असा त्याचा रोख होता.

आता ही जाहिरात मराठीत करायची आहे असं धरून चालू. ग्राहक कल्पनेतला घेऊ: वडापावची एक साखळी, जिचा वडा इतरांपेक्षा खरोखर मोठा आहे.

आधी हसू कुठून येतं ते शोधा

फिल्म दोनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा डोळे मिटून. आवाज नसतानाही हसू आलं तर विनोद चित्रात आहे आणि तुमचं निम्मं काम झालंय. डोळे मिटूनही आलं तर तो बोलण्यात आहे. या जाहिरातीत तो दोन्हीकडे थोडा थोडा आहे. प्रचंड पाव आणि इवलीशी चकती हे चित्र, आणि दोघींच्या गोड कौतुकानंतरचं तिसरीचं खेकसणं हा आवाज.

मग विनोद एका मराठी वाक्यात लिहून काढा, मूळ संवादातला एकही शब्द न वापरता. आपल्या बाबतीत ते असं होईल : ‘दोघी वरच्या डामडौलावर खूश आहेत, तिसरी सरळ विचारते की मुख्य वस्तू कुठे गेली.’ हे वाक्य लिहिता आलं, म्हणजे विनोद माणसांच्या स्वभावात आहे आणि तो मराठीत येऊ शकतो.

असं वाक्य लिहिताच आलं नाही तर विनोद फक्त शब्दाच्या अंगात आहे. फोक्सवॅगनची १९६०ची छापील जाहिरात त्याचं चांगलं उदाहरण आहे. बीटल गाडीचा फोटो आणि खाली एकच शब्द : ‘लेमन’. इंग्रजीत हा शब्द सदोष निघालेल्या गाडीला लावतात. खालच्या मजकुरात कळतं, की एका पट्टीवर डाग होता म्हणून कारखान्यातल्या तपासनिसानं ही गाडी बाजूला काढली. मराठीत गाडीखाली ‘लिंबू’ लिहिलंत तर अर्थ पार उलटा होतो. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, पुढे लिंबू-मिरची बांधतो. वाचकाला वाटेल, गाडीची पूजा आहे. अशा वेळी शब्द सोडा आणि तो करत असलेलं काम धरा. कंपनी स्वतःच्याच गाडीला एका शब्दात नाव ठेवते, आणि मजकूर त्याचं कारण सांगतो. मी तिथे ‘नापास.’ लिहीन. तपासनीस आपोआप परीक्षक होतो आणि मजकुराला धरायला दोरा मिळतो.

काय हलवायचं नाही ते ठरवा

मूळ स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा : दावा, सांगाडा की सजावट. दावा कंपनीचा असतो, त्याला हात लावायचा नाही. इथे तो ‘पाव कमी, आतला माल जास्त’ असा आहे. सांगाडा म्हणजे विनोदाची चाल : कौतुक, कौतुक, कौतुक, मग धक्का. तोही ठेवायचा. बाकी सगळं, म्हणजे बर्गर, अमेरिकन आज्या, काउंटरची रचना, ही सजावट आहे आणि ती बदलायला तुम्ही मोकळे आहात.

या जाहिरातीत तर बदलावीच लागेल. मुख्य वस्तू गोमांस आहे, आणि महाराष्ट्रात २०१५पासून गायींबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. शब्दशः भाषांतर केलं तर हसू येण्याआधीच प्रेक्षक भलत्या वादात शिरेल. उलट वडापावात मूळ विनोद जसाच्या तसा बसतो, कारण पाव फुगलेला आणि आत वड्याचा कोपरा, ही तक्रार आपल्याकडे प्रत्येकानं कधी ना कधी केलेली आहे. सजावट निवडताना हेच तपासायचं : प्रेक्षकाचा स्वतःचा अनुभव तिच्यात आधीच आहे का?

माणसं मराठी करा

बहुतेक भाषांतरं इथेच पडतात. शब्द मराठी होतात, बायका मात्र इंग्रजीच राहतात. मूळ संवादाचं सरळ भाषांतर असं होईल :

‘हा नक्कीच एक मोठा पाव आहे.’
‘हा खूप मोठा पाव आहे.’
‘एक मोठा मऊ पाव.’

असं कोणीच बोलत नाही. इंग्रजीतल्या त्या दोघींचं सौजन्य वाक्याच्या बांधणीत आहे. मराठीत ते हं, ना, बाई, गं अशा चिमुकल्या शब्दांत असतं. त्यामुळे :

‘पाव मोठाय हं!’
‘हो ना, चांगलाच मोठाय.’
‘आणि किती लुसलुशीत, बाई!’

तिसऱ्या ओळीतला ‘लुसलुशीत’ महत्त्वाचा आहे. कौतुक एकेक पायरी चढतं आणि या शब्दावर टोकाला पोचतं, म्हणून पुढचा धक्का जोरात बसतो. दोघी एकमेकींना ‘अगं’ म्हणतात की ‘अहो’, हेही आताच ठरवा. सोसायटीतल्या शेजारणी असतील तर ‘अहो काकू’, शाळेपासूनच्या मैत्रिणी असतील तर ‘अगं’. एका स्क्रिप्टमध्ये दोन्ही आलं की पडद्यावर नातंच उभं राहत नाही.

बोलीबद्दल एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. विनोद उठत नाही असं वाटलं, की म्हातारीला मालवणी किंवा वऱ्हाडी करून टाकायचा मोह होतो. पात्र खरंच तिथलं असेल, लिहिणाऱ्याला ती बोली येत असेल आणि नटी तिथली असेल तर जरूर करा. नुसत्या हेलावर हसवायचं असेल तर त्या भागातला प्रेक्षक दुखावतो, आणि तोही वडापाव खाणाराच असतो.

मुख्य ओळ : दहा लिहा, एक ठेवा

पंचलाइन एका बैठकीत शोधू नका. सुचतील तेवढ्या लिहा, अगदी वाईटही. आपल्या वडापावसाठी माझ्या कागदावर साधारण अशा ओळी उतरतात :

‘नाव मोठं, लक्षण खोटं!’ ही म्हण तयार आहे, पण ती विनोद करत नाही, झालेल्या विनोदाचा अर्थ सांगते. म्हण सुचली की ती बहुतेक वेळा बाजूला ठेवावी.

‘पावात वडा आहे, की वड्याची आठवण?’ कागदावर छान दिसते. पण ही लेखकाची ओळ आहे, भुकेलेल्या म्हातारीची नाही.

‘वडा मागून येतोय का?’ ही मला मनापासून आवडते. शांत, तिरकस, थेट पुण्याची. पण तिनं पात्रच बदलतं. मूळ बाई चिडलेली आणि उतावळी आहे, ही बाई पाय रोवून टोमणा मारते. दिग्दर्शक वेगळी फिल्म करणार असेल तर ही ओळ राखून ठेवा.

‘वडा कुठाय?’ आणि ‘कुठाय वडा?’ शब्द तेच, फरक क्रमाचा. पहिली ओळ सरळ चौकशी आहे. सापडत नसलेल्या चष्म्याबद्दलही माणूस असंच विचारतो. दुसरीत वस्तूचं नाव शेवटी आलं, त्यामुळे प्रश्नाची तक्रार झाली, आणि ‘डा’वर आवाज आपटता येतो. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येत असल्यामुळे ते पुढे ओढून नाम शेवटी टाकलं, की कानाला लगेच जोर कळतो. ही सोय इंग्रजीला इतकी सहज नाही. ती वापरा.

म्हणून ‘अरे, कुठाय वडा?’ काउंटरवरच्या पोराला आजी ‘अरे’च म्हणणार. ‘ए’ उद्धट होतं, ‘अहो’नं धार जाते.

निवडलेली ओळ वड्यापासून दूर नेऊन बघा. नव्या योजनेची जंगी घोषणा झाली आणि हाती काही आलं नाही. पगारवाढीचं लांबलचक पत्र आलं आणि आकडा दिसेना. तिथे कोणी ‘कुठाय वडा?’ म्हणालं तर कळेल का? कळत असेल तर मोंडेल यांना जे मिळालं ते मराठी प्रेक्षकालाही मिळेल.

मूळ जाहिरातीत शेवटी क्लारा पेलर म्हणते, की मागे कोणी आहे असं वाटत नाही. इथे मराठीचा वाक्प्रचार आपणहून पुढे येतो : ‘आत चिटपाखरू नाही!’

तोंडात बसतं का ते बघा

मूळ ओळ आधी थोडी लांब होती असं सांगतात. पेलर यांना दम्यासारखा फुफ्फुसाचा त्रास होता, म्हणून ती छोटी झाली. कागदावरची ओळ शेवटी बोलणाऱ्याच्या श्वासातूनच ठरते. तेव्हा सगळी स्क्रिप्ट घड्याळ लावून, अभिनयासकट मोठ्यानं वाचा. तीस सेकंदांची फिल्म असेल तर वाचन सव्वीस-सत्ताविसात संपलं पाहिजे, कारण पाव उचलल्यानंतरच्या शांततेलाही जागा लागते. वेळ जास्त झाला तर आधी व्हॉइसओव्हर कापा, दोघींचं कौतुक कापू नका. ते आखूड झालं की धक्क्याची उंची जाते.

नवं चित्रीकरण न करता जुन्याच फिल्मवर डबिंग असेल तर आणखी एक बंधन येतं. जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यावर ओठ मिटतात तिथे प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी यावं लागतं. आणि चित्रात बर्गर असेल तर वडा म्हणताच येत नाही, ‘कुठाय टिक्की?’ म्हणावं लागेल. म्हणून डबिंग आहे की नवं चित्रीकरण, हे लिहायला बसण्याआधीच विचारून घ्या.

ग्राहकाला कसं दाखवायचं

मंजुरी देणाऱ्याला पुष्कळदा मराठी येत नाही. त्याच्यासाठी तीन रकाने करा : मराठी ओळ, तिचा शब्दशः इंग्रजी अर्थ, आणि मूळ ओळीचं कोणतं काम ती करते. तिसरा रकाना नसेल तर ‘चिटपाखरू’समोर पाखराचा अर्थ वाचून तो हमखास विचारेल, की इथे पक्षी कुठून आला. सोबत फोनवर रेकॉर्ड केलेलं वाचनही पाठवा. सूर ऐकल्यावर अर्धे प्रश्न येतच नाहीत.

मूळ जाहिरातीत प्रतिस्पर्ध्यांच्या बर्गरांची नावं घेऊन तुलना केली होती. भारतात जाहिरात मानक परिषदेची संहिता तुलना करू देते, पण ती खरी, सिद्ध करता येण्यासारखी आणि दुसऱ्याची नालस्ती न करणारी हवी. आपल्या फिल्ममध्ये समोरचं दुकान निनावी ठेवा आणि पाटी, रंग, गणवेश कोणाची आठवण करून देणार नाहीत असे घ्या. ‘जास्त वडा’ म्हणण्याआधी वड्याचं वजन ग्राहकाकडून लेखी मागवा, आणि ते प्रत्येक शाखेत तेवढंच भरतं का तेही विचारा. फिल्म लागल्यावर लोक काउंटरवर येऊन हाच प्रश्न त्यालाच विचारणार आहेत.