मार्केट-टू-बुक बघून मशिनरी घेऊ नका, आधी क्यू काढा

शेअर बुक व्हॅल्यूच्या दुप्पट भावाला चाललाय म्हणजे मार्केटला कंपनी आवडलीये, चला एक्स्पान्शन करू, हे लॉजिक मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडचिड होते. मार्केट-टू-बुकमधलं बुक म्हणजे जुन्या खरेदीची नोंद, त्यातून घसारा गेलेला. अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिनने 1969 मध्ये क्यू हे गुणोत्तर मांडलं ते वेगळ्या प्रश्नासाठी, की मार्केट या धंद्याला जी किंमत देतंय ती तोच धंदा आज नव्याने उभारायच्या खर्चापेक्षा जास्त आहे का. पहिला आकडा भागिले दुसरा म्हणजे क्यू. जास्त असेल, म्हणजे क्यू 1 च्या वर, तर बांधा. कमी असेल तर थांबा.

समजा एक लिस्टेड सूतगिरणी आहे. मार्केट कॅप 300 कोटी, कर्ज 200 कोटी, बुकमधली इक्विटी 150 कोटी. मार्केट-टू-बुक 2 आलं, सगळे खूश.

वरचा आकडा सोपा आहे, मार्केट कॅप अधिक कर्ज, 500 कोटी. कर्ज विसरू नका, मशिनरी बँकेच्या पैशानेही आलीये.

खालचा आकडा म्हणजे रिप्लेसमेंट कॉस्ट, आणि सगळी गोची इथेच आहे. बॅलन्सशीटवर मशिनरी 112 कोटी, इमारत 34, जमीन 4 आणि वर्किंग कॅपिटल 200, एकूण 350. वर्किंग कॅपिटल तसंच घ्या, कापूस आणि उधारी बहुतेक आजच्याच भावाची असते.

मशिनरी 9 वर्षांपूर्वी 260 कोटींना घेतलेली. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा काय केलं तर नेट ब्लॉक, म्हणजे घसारा जाऊन बुकमध्ये उरलेला आकडा, उचलला, भाववाढीने गुणला, झालं. तेवढ्याच चात्यांची मशिनरी आज 400 कोटींना पडते, म्हणून 112 चे 172 झाले, जमीन-इमारतीचे खाली येणारे आकडे धरून क्यू आला 0.98, आणि मी मीटिंगमध्ये ठोकून दिलं की जवळपास 1 आहे, चालेल. मागच्या खुर्चीवर बसलेल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "अहो, पण रिंग फ्रेम 15 वर्षांत भंगारात जाते असं तुम्हाला कोणी सांगितलं?" कोणीच नाही, मी पुस्तकी घसारा धरला होता, कंपनी कायद्याच्या शेड्यूल 2 मधली 15 वर्षं. त्यांच्या गिरणीत नीट ठेवलेलं मशीन 20 वर्षं चालत होतं. म्हणजे 400 कोटींच्या नव्या किमतीतून 9 वर्षांची झीज काढायची, 11 वर्षं शिल्लक, 20 पैकी 11, ते झाले 220 कोटी. तेव्हापासून मी आयुष्य अकाउंट्सला विचारत नाही, शॉप फ्लोअरला विचारतो, आणि नवी किंमत भाववाढीच्या इंडेक्सवरून न काढता सप्लायरचं ताजं कोटेशन मागवतो, कारण नवीन मशीन जास्त वेगाचं असतं, कमी चात्यांत तेवढंच सूत निघतं आणि हे इंडेक्सला कळत नाही. उलट चूकही बघितलीये, पूर्ण 400 तसेच टाकायचे, झीज शून्य! मग क्यू उगाच 0.68 पर्यंत घसरतो.

जमीन 4 कोटींची, गाव वाढून शहर तिथपर्यंत आलं, आज 90 कोटी. इथे आधी बॅलन्सशीटच्या नोट्स वाचा, इंड एएस या हिशेबाच्या नियमांवर जाताना काही कंपन्यांनी जमीन फेअर व्हॅल्यूला आणून ठेवलीये, तिला परत वाढवलं तर डबल मोजणी. इमारत झीज धरून 50.

बेरीज 220 अधिक 90 अधिक 50 अधिक 200, म्हणजे 560. क्यू 500 भागिले 560, साधारण 0.89. तीच कंपनी, मार्केट-टू-बुक 2, आणि तरी नवी गिरणी बांधणं तोट्याचं, कारण 560 ची मालमत्ता उभी करून मार्केटकडून 500 ची किंमत मिळणार. क्षमता हवीच असेल तर बंद पडलेली गिरणी विकत घ्या, नव्यापेक्षा स्वस्त पडायचा चान्स जास्त.

सॉफ्टवेअर किंवा ब्रँडवाल्या कंपनीला हे लावू नका, तिथली खरी मालमत्ता बहुतेक बॅलन्सशीटवर नसतेच, क्यू 6-7 आला तरी त्यातून काही ठरत नाही.

आणि हा 0.89 सगळ्या कंपनीचा सरासरी आहे. निर्णयाला लागतो तो पुढच्या रुपयाचा क्यू, आणि हे दोन्ही सारखे कधी येतात ते अर्थतज्ज्ञ फुमिओ हयाशीने 1982 मध्ये दाखवलं, स्पर्धा पूर्ण हवी आणि मशिनरी, माणसं सगळं दुप्पट केलं की उत्पादन आणि नवी मशिनरी बसवायचा खर्च दोन्ही बरोबर दुप्पट व्हायला हवेत. गिरणीत असं क्वचित. त्यामुळे छपरावर सोलर टाकायचा 10 कोटींचा प्रस्ताव असेल आणि वाचलेल्या वीजबिलाची आजची किंमत 14 कोटी येत असेल तर त्या कामाचा क्यू 1.4 आहे, ते करा, नव्या चात्या मात्र नकोत.