वंशावळीचं चित्रच गायब? रक्तगटाच्या प्रश्नात या चुका टाळा

जुन्या प्रश्नसंचांची पीडीएफ उघडली की "खालील वंशावळीचे निरीक्षण करा" असं लिहिलेलं असतं आणि खाली कोरी जागा. बारावीला जीवशास्त्र शिकवताना असे प्रश्न मला दर वर्षी दिसतात. काही मुलं प्रश्न सोडून देतात, काही मनानेच चौकोन-वर्तुळं काढून उत्तर देतात. मनाने काढलेलं झाड मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण आलेलं उत्तर पर्यायांत सापडतं आणि चूक लक्षातच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मजकुरात एवढंच उरलंय: I-1 आणि I-2 या जोडप्यात दोघांचा रक्तगट ए. त्यांची मुलगी II-1 ओ गटाची आणि अविवाहित, मुलगा II-2 ए गटाचा. II-2 चं लग्न ओ गटाच्या II-3 शी झालं. त्यांचं मूल ओ गटाचं असण्याची शक्यता किती? पर्याय आहेत १/४, १/३, १/२ आणि ०.

आधी खुणा नीट वाचा. कॉपी करताना वरचं लहान अक्षर खाली उतरतं आणि I^A चं IA होतं. मग I-1 मधला पिढी दाखवणारा रोमन एक आणि जनुकाचा I यांची सरमिसळ होते. पिढीच्या आकड्यापुढे व्यक्तीचा क्रमांक येतो, तर जनुकाच्या I ला A किंवा B चिकटलेलं असतं. लहान i म्हणजे ओ गटाचं अप्रभावी जनुक. दुसरी गोष्ट, एका पिढीतले क्रमांक डावीकडून उजवीकडे सरळ दिले जातात, त्यात लग्न करून आलेली माणसंही येतात. II-1, II-2, II-3 ही तीन भावंडं आहेत असं धरलं की पुढचं सगळं फिस्कटतं. म्हणून "मुलगा", "लग्न झालं" असे शब्द अधोरेखित करा आणि त्यावरूनच कागदावर झाड काढा. प्रत्येक चौकोन-वर्तुळात फक्त रक्तगट लिहा.

आता जिनोटाइप. ओ गटापासून सुरुवात करायची, कारण तिथे शंकेला जागा नाही: II-1 म्हणजे ii. तिला एक i आईकडून आणि एक वडिलांकडून आला, म्हणून I-1 आणि I-2 दोघेही I^A i.

II-2 पाशी बहुतेक जण अडखळतात. ए गट म्हणजे I^A I^A असं धरलं तर उत्तर शून्य येतं. "दोनपैकी एक शक्यता" म्हणून १/२ धरलं तर १/२ × १/२ = १/४ येतं. दोन्ही चूक. त्याच्या आईवडिलांची चौकट मांडा:

```
I^A i × I^A i
I^A I^A : I^A i : ii = 1 : 2 : 1
```

II-2 ओ गटाचा नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे ii चा रकाना बाद. उरलेल्या तिनांपैकी दोन I^A i. त्यामुळे तो I^A i असण्याची शक्यता २/३, आणि तसा असेल तर मुलाला i मिळण्याची शक्यता १/२. आईकडून i येणारच. उत्तर २/३ × १/२ = १/३.

पण हे उत्तर चित्रात त्यांचं आधीचं मूल नसेल तरच खरं. समजा चित्रात III-1 ओ गटाचं होतं आणि प्रश्न III-2 बद्दल आहे. मग II-2 नक्की I^A i ठरतो आणि उत्तर १/२ होतं. III-1 ए गटाचं असेल तर? I^A I^A असल्याची बाजू १/३ × १ = १/३, आणि I^A i असल्याची बाजू २/३ × १/२ = १/३. दोन्ही सारख्या झाल्या, म्हणून II-2 साठी १/२ आणि पुढच्या मुलासाठी १/४. म्हणजे चित्र बदललं की शून्य सोडून उरलेले तिन्ही पर्याय बरोबर ठरू शकतात! म्हणून प्रश्नात III-2 किंवा "पुढचं मूल" असे शब्द दिसले आणि पहिल्या मुलाचा गट कुठेच दिला नसेल, तर तिथे थांबा. तो प्रश्न चित्राशिवाय सुटत नाही. मूळ प्रश्नपत्रिका शोधा, उत्तरसूचीवरून उलटं झाड रचू नका.

कधी माहितीच एकमेकींशी जुळत नाही, उदाहरणार्थ एबी गटाच्या वडिलांना ओ गटाचं मूल. अशा वेळी आधी मजकुरात एखादं अक्षर गळलंय का ते बघा. याला खरा अपवादही आहे आणि तो आपल्या मुंबईतच १९५२ मध्ये नोंदवला गेला: बॉम्बे रक्तगट. या माणसांत hh असल्याने एच प्रतिजनच तयार होत नाही, आणि ए-बी प्रतिजनं त्याच्यावरच बनतात. त्यामुळे I^A किंवा I^B असूनही नेहमीच्या तपासणीत गट ओ दिसतो. प्रश्नात H आणि h चा उल्लेख असेल तरच हा अपवाद वापरा. आणि घरातल्या कुणाच्या रक्तगटांचा मेळ लागत नसेल, तर वहीतल्या झाडावरून नात्याचा निवाडा करू नका. रक्तपेढीत फेरतपासणी करून घ्या.