बेंझिनची निर्मिती एन्थाल्पी काढताना या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना या एकाच गणिताची मला पाच-सहा वेगळी उत्तरं सापडतात. गंमत अशी की बहुतेक वेळा नुसतं उत्तर पाहून चूक कुठे झाली ते सांगता येतं.

गणित असं आहे: २५ अंश सेल्सिअसला ग्रॅफाइटची ज्वलन एन्थाल्पी दर मोलला −३९३.५ किलोज्यूल, हायड्रोजनची −२८५.८ आणि द्रव बेंझिनची −३२६७.६. यावरून या अभिक्रियेची एन्थाल्पी काढायची:

6C(s) + 3H₂(g) → C₆H₆(l)

ही अभिक्रिया प्रयोगशाळेत घडवून तिची उष्णता मोजता येत नाही, म्हणून आपण आडवाटेने जातो. सहा मोल कार्बन आणि तीन मोल हायड्रोजन सरळ जाळा, किंवा त्यांचं आधी बेंझिन झालं असं धरून ते बेंझिन जाळा. शेवटी हाती तेच सहा मोल कार्बन डायऑक्साइड आणि तीन मोल पाणी उरतं. हेसच्या नियमानुसार दोन्ही वाटांची एकूण एन्थाल्पी सारखीच.

घटकांचं ज्वलन: ६ × (−३९३.५) + ३ × (−२८५.८) = −३२१८.४
त्यातून बेंझिनचं ज्वलन वजा: −३२१८.४ − (−३२६७.६) = +४९.२ किलोज्यूल

सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं उत्तर म्हणजे −४९.२. ‘उत्पादितं वजा अभिक्रियाकारक’ हे सूत्र मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ते निर्मिती एन्थाल्पी दिलेल्या असतात तेव्हाचं आहे. ज्वलन एन्थाल्पी दिल्या असतील तर क्रम उलटा होतो, कारण ज्वलनाच्या समीकरणात पदार्थ डावीकडे असतो. एका वहीत तर मुलीने अधिक चिन्ह आधी बरोबर लिहिलं होतं. मग खोडरबराने पुसून वजा केलं होतं. विचारल्यावर म्हणाली, “सर, निर्मिती आहे ना, मग ऋणच येणार.” तसा काही नियम नाही. चिन्हाची शंका आली तर एवढंच पाहा: बेंझिन जळताना आपल्या घटकांपेक्षा ४९.२ किलोज्यूल जास्त उष्णता देतं. ही जास्तीची ऊर्जा बेंझिन बनतानाच आत गेलेली असणार, म्हणून त्याची निर्मिती उष्माग्राही. आणि उत्तर −६४८६ आलं असेल, तर कंसाबाहेरचं वजा चिन्ह राहून गेलंय.

उत्तर +१८१.२ आलं, तर पाण्याची अवस्था तपासा. हायड्रोजन जळून वाफ झाली असं धरलं की ज्वलन एन्थाल्पी −२४१.८ घेतली जाते, बेंझिनचा −३२६७.६ हा आकडा मात्र द्रव पाण्यासाठीचा आहे. एका मोल पाण्याच्या बाष्पनाला ४४ किलोज्यूल लागतात, तीन मोलांचे झाले १३२, आणि बरोबर तेवढाच फरक उत्तरात पडतो. कोष्टकातून आकडा उचलताना H₂O पुढे l आहे की g, हे दोन्हीकडे सारखंच असायला हवं.

उत्तर −८०८.२ असेल, तर सहा हायड्रोजन अणूंसाठी सहा मोल H₂ घेतलेत. लागतात तीनच.

प्रयोगाच्या आकड्यांवरून गणित करणाऱ्यांचं उत्तर कधीकधी +४५.५ येतं. बाँब कॅलरीमीटरमध्ये आकारमान स्थिर असतं, त्यामुळे तिथे मोजली जाते ती आंतरिक ऊर्जा, −३२६३.९ किलोज्यूल. बेंझिनच्या ज्वलनात साडेसात मोल ऑक्सिजन वापरला जातो आणि सहा मोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे वायूचे मोल दीडने घटतात. ΔH = ΔU + ΔnRT मध्ये शेवटचं पद −३.७ किलोज्यूल येतं. ३२०० च्या शेजारी ते क्षुल्लक वाटतं, पण आपलं उत्तरच ४९ आहे.

याच कारणाने पूर्णांकात आणण्याची घाई करू नका. −३९४, −२८६ आणि −३२६८ घेऊन पाहा: उत्तर +४६ येतं. दोन मोठ्या संख्यांची छोटी वजाबाकी असल्याने कार्बनच्या आकड्यातली अर्ध्या किलोज्यूलची चूक सहापट होऊन उत्तरात उतरते. मोजमापाचंही तसंच. बेंझिनच्या ज्वलनाचा आकडा हजारात एक भाग कमी आला, तरी उत्तर ३.३ किलोज्यूलने खाली येतं. बेंझिन काजळी धरून जळतं, त्यामुळे बाँब उघडल्यावर आधी क्रुसिबल पाहा. तळाला काळं दिसलं तर ज्वलन अपुरं झालंय; ते वाचन सोडून द्या आणि नव्या नमुन्यावर प्रयोग पुन्हा करा.