प्लंजर की स्प्रिंग? तुंबलेलं सिंक मोकळं करताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. मी प्लंजर घेतला आणि दहा मिनिटं जोर काढला. सिंकमधलं पाणी इंचभरही उतरलं नाही. उलट ओट्याखालच्या नहाणी ट्रॅपच्या जाळीतून काळं, तेलकट पाणी बुडबुड करत वर आलं आणि फरशीवर पसरलं. पाइप नेमका कुठे तुंबलाय हे तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही, आणि मी आणखी जोर लावत बसलो.

लोक प्लंजर आणतात किंवा स्प्रिंग, म्हणजे पाइपात फिरवत घालायची लांब लवचिक तार, आणतात, पण अडथळा कुठे आहे ते आधी पाहत नाहीत. ही सगळ्यात मोठी चूक. बहुतेक फ्लॅटमध्ये सिंकचा वेस्ट पाइप ओट्याखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो आणि तिथून पुढे पाणी भिंतीतून डक्टमधल्या उभ्या पाइपात जातं. म्हणून आधी नहाणीची जाळी उचला आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता. सिंक भरलेलं राहिलं आणि नहाणीत पाणी येतच नसेल, तर सिंकची जाळी ते नहाणी एवढ्या पट्ट्यातच काहीतरी अडकलंय. नहाणीही काठोकाठ भरत असेल, तर अडथळा तिच्या पुढे आहे. आणि तुम्ही नळ बंद ठेवूनही वरच्या मजल्यावर पाणी वापरलं की तुमच्या नहाणीतून पाणी वर येत असेल, तर उभा पाइप किंवा खालचा चेंबर तुंबलाय. तिथे घरातलं कुठलंच हत्यार चालवू नका, सोसायटीला कळवा.

अडथळा जवळचा आणि मऊ असेल तर प्लंजर. डाळीचा साका, भाताची शितं, चहाचा चोथा, साबणाचा गाळ अशा गोष्टी पाण्याच्या धक्क्याने हलतात. केसांचा गुंता, वळणात रुतलेलं काही, किंवा हात-दीड हाताच्या पलीकडचा अडथळा असेल तर स्प्रिंग, म्हणजेच ड्रेन स्नेक. केसांवर प्लंजर मारला की गुंता जागच्या जागी हेलकावे खातो, पाणी थोडं उतरतं आणि चार दिवसांनी पुन्हा तुंबतं.

प्लंजर चालवताना बहुतेकांची चूक एकच असते: हवा सुटते. रबराची वाटी पाण्यात बुडलेली हवी, म्हणून सिंकमध्ये निदान चार बोटं पाणी ठेवा. वाटी तिरकी करून पाण्यात घाला, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग ती सरळ करून भोकावर घट्ट बसवा. काठाला थोडं व्हॅसलीन लावलं तर पकड चांगली बसते. दुसरी वाट बंद करायला विसरू नका. वॉश बेसिनला वरच्या बाजूला एक छोटं भोक असतं, ते ओल्या फडक्याने दाबून धरा. जोडसिंक असेल तर दुसऱ्या भांड्याच्या भोकात फडक्याचा बोळा घाला. ही भोकं उघडी राहिली तर सगळा जोर तिथून निघून जातो.

पहिला दाब हळू द्या, नाहीतर घाण पाणी तोंडावर उडतं. नंतर वाटी न उचलता पंधरा-वीस वेळा झपझप दाबा आणि ओढा. लोक दाबण्यावर भर देतात, पण अडकलेली गोष्ट बऱ्याचदा ओढण्याने सैल होते, म्हणून दोन्हींना सारखा जोर हवा. शेवटी एकदम झटक्याने उचला. असे तीन-चार फेरे करूनही काहीच फरक पडला नाही, तर थांबा. आणखी जोर लावलात तर सिंकखालचा सांधा निसटेल. कमोडला हा सपाट वाटीचा प्लंजर नीट बसत नाही, त्यासाठी खाली रबरी गळा असलेला प्लंजर मिळतो.

आता स्प्रिंग. ती सिंकच्या जाळीतून घालू नका. सिंकखाली बॉटल ट्रॅप असेल तर स्प्रिंग त्यातून वळत नाही, आणि घड्यांचा पांढरा पाइप असेल तर टोकाने फाटू शकतो. बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवा, त्याची खालची वाटी हाताने फिरवून काढा आणि साफ करा. घड्यांचा पाइपही सोडवून बाहेर धुऊन घ्या. अनेकदा काम इथेच संपतं.

आमचा अडथळा नहाणीच्या पुढे होता, म्हणून स्प्रिंग नहाणीतून घातली. घरगुती कामाला पाच मीटरची, हँडल आणि डबी असलेली स्प्रिंग पुरते. डबीतून वीतभर तार बाहेर काढायची, स्क्रू कसायचा, हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवत तार आत सरकवायची. वीतभर गेली की स्क्रू सैल करून पुढची वीतभर काढायची. एकदम हातभर तार मोकळी सोडली तर ती पाइपात जाण्याऐवजी बाहेरच पिळली जाते आणि उसळून हाताला लागते.

कुठेतरी स्प्रिंग अडते, आणि नवखा माणूस इथेच रेटतो. अडलं म्हणजे अडथळाच लागला असं नाही. वळणावर टोक कडक टेकतं, थोडा दाब ठेवून फिरवलं की टुणकन पुढे सरकतं. खऱ्या अडथळ्यात टोक मऊ रुततं आणि फिरवताना हँडल जड होत जातं. आम्हाला पहिलं कडक टेकणं ट्रॅपच्या वळणावरच लागलं. पुढे साधारण दीड मीटरवर हँडल जड झालं. तिथे आठ-दहा फेरे दिले आणि त्याच दिशेने फिरवत तार हळूहळू बाहेर ओढली. उलट दिशेला फिरवलं तर टोकात अडकलेलं सुटून तिथेच राहतं. टोकाला राखाडी, मेणासारखा तुपातेलाचा गोळा आला, त्यात चहाची पावडर आणि भाताची शितं रुतलेली. हँडल फिरतंय पण आतली तार फिरत नाही असं वाटलं, तर लगेच थांबा, नाहीतर तारेला पीळ पडून ती कायमची वाकडी होते.

पाणी उतरलं की लोक हत्यार धुऊन ठेवतात. चिकट थरातून स्प्रिंग फक्त एक भोक पाडते, थर पाइपाला आतून तसाच राहतो. आम्ही तीन वेळा स्प्रिंग घातली आणि मग भांडी घासायचा साबण घालून बादलीभर गरम पाणी सोडलं. पाणी हाताला सोसेल त्याहून थोडंच गरम घ्या. उकळत्या पाण्याने पीव्हीसी पाइप मऊ पडतो.

एका बाबतीत मात्र हट्ट करू नका. पाइपात आधीच ड्रेन क्लीनरची पावडर किंवा ॲसिड ओतलं असेल, तर त्यानंतर प्लंजरही नको आणि स्प्रिंगही नको. त्या पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, आणि प्लंजरच्या एका दाबाने तो डोळ्यांत उडू शकतो. स्प्रिंगवरून ते पाणी हातावर ओघळतं. प्लंबरला बोलावलंत तर काय ओतलंय ते त्याने झाकण उघडायच्या आधी सांगा.