पहिल्या सत्राची आखणी : धाकट्या चुलतभावाला पत्र

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

वेळापत्रक हातात पडताच एका मोठ्या कागदावर सत्राचे सगळे आठवडे मांड आणि चाचण्या व जर्नल जमा करण्याच्या तारखा त्यावर लिही. मग प्रत्येक तारखेपासून दोन आठवडे मागे येऊन तिथे खूण कर, कारण तयारीचा खरा आरंभ त्या खुणेपाशी आहे. सातव्या आठवड्यात चाचणी असेल, तर पाचव्यात धडे एकदा वाचून झालेले हवेत.

वसतिगृहातल्या खोलीत संध्याकाळनंतर निवांतपणा मिळेल असे गृहीत धरू नकोस. कोणी ना कोणी येऊन बसतेच, आणि सुरुवातीच्या दिवसांत ती ओळख व्हायलाही हवी. म्हणून तासांमधल्या मोकळ्या वेळेत ग्रंथालयात बसून त्याच दिवशीच्या प्रयोगाची निरीक्षणे आणि आकडेमोड पूर्ण करत जा. मी ते रविवारवर ढकलत गेले आणि नवव्या आठवड्यात सहा प्रयोग एकदम लिहायला बसले, तेव्हा माझीच निरीक्षणे मला उलगडेनात. दोन प्रयोग मागे पडले, की त्या आठवड्यात दुसरे काही हाती न घेता आधी तेवढेच भरून काढ.

तुझी ताई